साइन नियमाच्या शेवटी येणारा 2R: परिवर्तुळ धरून त्रिकोण कसा सोडवायचा

साइन नियम शिकलेल्या बहुतेकांना ही ओळ पाठ असते:

a/sin A = b/sin B = c/sin C

इथे a ही A कोनासमोरची बाजू, b ही B समोरची आणि c ही C समोरची. तिन्ही गुणोत्तरं सारखी आहेत म्हटल्यावर ती कोणत्या तरी एका संख्येएवढी असणार. ती संख्या कोणती, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि परीक्षेपुरता तो विचारला नाही तरी चालून जातं. तिचं उत्तर असं: त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं जे एकमेव वर्तुळ असतं, म्हणजे परिवर्तुळ, त्याचा व्यास. परित्रिज्या R धरली तर

a/sin A = b/sin B = c/sin C = 2R

हा विस्तारित साइन नियम. शेवटचा 2R हाताशी आला की साइन नियमातल्या काही गोष्टी, ज्या एरवी नुसत्या पाठ कराव्या लागतात, त्या कागदावर दिसायला लागतात. त्यासाठी दहावीच्या भूमितीतली वर्तुळाची काही प्रमेयं आणि कंपासपेटी एवढं पुरे.

आधी वर्तुळ काढा

कर्कटकात 5 सेमी अंतर घेऊन एक वर्तुळ काढा. कर्कटकातलं अंतर तसंच ठेवून वर्तुळावर B आणि C हे बिंदू असे घ्या की BC ही जीवा 5 सेमी होईल. आता वर्तुळाच्या मोठ्या कंसावर कुठेही A घ्या, AB आणि AC जोडा आणि कोन A मोजा. रेघा आखूड असतील तर त्या वर्तुळाबाहेर वाढवून घ्या, नाहीतर कोनमापकावर नीट वाचता येत नाही. कोन 30° येईल. A ला मोठ्या कंसावरच दुसरीकडे सरकवा. त्रिकोणाचा आकार पार बदलेल, पण कोन 30° च राहील. एकाच कंसातले अंतर्लिखित कोन एकरूप असतात, हे ते प्रमेय.

मग A छोट्या कंसावर घ्या. आता कोन 150° येईल, आणि तिथेही A कुठेही सरकवला तरी तो बदलणार नाही.

sin 30° = 0.5 आणि sin 150° हेही 0.5 च. बाजू a = 5. म्हणजे दोन्हीकडे a/sin A = 5/0.5 = 10, आणि वर्तुळाचा व्यास 10 सेमी आहे. कोन 30° आणि 150° असे दोन असले तरी गुणोत्तर एकच आलं, हे इथे नीट बघून ठेवा. पुढे दोन उत्तरांच्या घोळात हेच कामाला येणार आहे.

हे असं का होतं

सिद्धता मोठी नाही आणि वरच्याच आकृतीत बसते. A हा मोठ्या कंसावर आहे आणि आपण त्याला सरकवतो आहोत. सरकवत सरकवत त्याला अशा ठिकाणी आणा की B पासून निघालेली रेघ वर्तुळकेंद्रातून जाईल. त्या जागेला D म्हणू. आता BD हा व्यास आहे, म्हणजे 2R. अर्धवर्तुळातला अंतर्लिखित कोन काटकोन असतो, म्हणून ∠BCD = 90°. काटकोन त्रिकोण BCD मध्ये D कोनासमोरची बाजू BC = a आणि कर्ण BD = 2R, तेव्हा

sin D = a/2R

आणि सरकवताना कोन बदललेला नाही, म्हणजे ∠D = ∠A. झालं: a/sin A = 2R.

A छोट्या कंसावर असेल, म्हणजे कोन विशालकोन असेल, तर D समोरच्या कंसावर पडतो. तेव्हा A, B, D, C हे बिंदू चक्रीय चौकोनाचे होतात आणि A व D हे संमुख कोन पूरक असतात, त्यांची बेरीज 180°. sin (180° − A) आणि sin A सारखेच, त्यामुळे सूत्र तसंच टिकतं. A काटकोन असेल तर BC स्वतःच व्यास असतो आणि sin 90° = 1, मग सिद्ध करायला काही उरत नाही.

हेच B आणि C साठी करा. वर्तुळ तेच आहे, म्हणून व्यास तोच, म्हणून तिन्ही गुणोत्तरं सारखी. पाठ्यपुस्तकात साइन नियमाची जी शिरोलंब टाकून केलेली सिद्धता असते ती बरोबर आहे, पण ती फक्त गुणोत्तरं सारखी आहेत एवढंच सांगते. कशाएवढी, ते सांगत नाही. माझ्या मते शिकवताना वर्तुळाची सिद्धता आधी यावी.

2 कुठून आला हे पाहायचं असेल तर केंद्र O पासून BC वर लंब टाका. तो BC ला मधोमध छेदतो. लघुकोन A असताना केंद्रापाशी BC चा कोन 2A असतो, लंबामुळे त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येकी A. मग अर्धी जीवा = R sin A आणि अख्खी जीवा a = 2R sin A. आपल्याकडच्या जुन्या गणितात हीच अर्धी जीवा सारणीत दिलेली असे. आर्यभटाच्या ज्यासारणीत त्रिज्या 3438 धरली आहे, कारण वर्तुळाच्या परिघाचे 21600 भाग, म्हणजे कला, केले की त्रिज्या साधारण तेवढ्या कलांची होते. त्या सारणीत sin हे गुणोत्तर नाही, ती सरळ लांबी आहे: R sin A. विस्तारित साइन नियम त्या नजरेने पाहिला तर त्यात नवल राहत नाही. त्रिकोणाची बाजू म्हणजे तिच्या परिवर्तुळाची जीवा, आणि जीवा म्हणजे अर्ध्या जीवेची दुप्पट.

एक त्रिकोण शेवटपर्यंत सोडवू

बाजू 13, 14 आणि 15 घ्या. हा त्रिकोण जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) पाया 14 आणि भुजा 13 व 15 देऊन लंब विचारला आहे. आपण त्याच्या पुढे परित्रिज्येपर्यंत जाऊ.

BC = 14, AB = 13, AC = 15 असं नाव द्या. म्हणजे a = 14, c = 13, b = 15. इथे थांबून एकदा तपासा की प्रत्येक बाजूचं अक्षर तिच्यासमोरच्या कोनाचं आहे. AB वर C नाही, म्हणून ती c. नवख्यांच्या चुका बहुतांशी इथेच होतात: कोनाला लगतची बाजू जोडली जाते, आणि उत्तर आकड्यांत दिसायला ठीकठाक असल्यामुळे शंकाही येत नाही.

A पासून BC वर लंब टाका आणि त्याचा पाय B पासून x अंतरावर आहे असं धरा. दोन काटकोन त्रिकोण मिळतात:

x² + h² = 169
(14 − x)² + h² = 225

दुसऱ्यातून पहिलं वजा करा: 196 − 28x = 56, म्हणून x = 5. पायाचे तुकडे 5 आणि 9 झाले. लीलावतीत यांना आबाधा म्हणतात. h² = 169 − 25 = 144, लंब 12.

आता sin B = 12/13 आणि sin C = 12/15. गुणोत्तरं काढा:

b/sin B = 15 × 13/12 = 16.25
c/sin C = 13 × 15/12 = 16.25

तेव्हा व्यास 16.25 आणि R = 8.125. कोन A अजून आपण पाहिलेलाही नाही, पण नियम सांगतो की sin A = 14/16.25 = 0.8615. कॅल्क्युलेटरवर कोन काढले तर A ≈ 59.49°, B ≈ 67.38°, C ≈ 53.13°. बेरीज 180°. ही बेरीज म्हणजे फुकटची तपासणी आहे, ती दर वेळी करा.

आणखी एक तपासणी हाताशी असू द्या. कुठलीही जीवा व्यासापेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून सर्वांत मोठी बाजू 2R पेक्षा लहान किंवा फार तर तेवढीच असायला हवी. इथे 15 हे 16.25 च्या आत आहे. तुमचा 2R कधी एखाद्या बाजूपेक्षा लहान आला तर पुढे जाऊ नका, चूक मागे झालेली आहे. तेव्हा आधी कॅल्क्युलेटर पाहा. तो अंशांऐवजी रेडियनवर असेल तर sin 30 ला 0.5 ऐवजी −0.988 दाखवतो. काम सुरू करण्यापूर्वी sin 30 दाबून पाहायला दोन सेकंद लागतात.

एकाच माहितीत दोन त्रिकोण

दोन बाजू आणि त्यांपैकी एकीसमोरचा कोन दिला असेल तर साइन नियम कधी एक उत्तर देतो, कधी दोन, कधी एकही नाही. यासाठी पुस्तकांत अटींचा तक्ता असतो. तक्त्याची गरज मला कधी वाटली नाही, कारण वर्तुळ काढलं की सगळं समोर असतं.

समजा A = 30°, a = 5, b = 8. पहिली पायरी नेहमी एकच: 2R काढा. 2R = 5/sin 30° = 10. म्हणजे आपण सुरुवातीला काढलेलं तेच 5 सेमी त्रिज्येचं वर्तुळ, तीच 5 सेमीची जीवा. आता त्याच वर्तुळात C पासून 8 सेमीची जीवा मारायची आहे, तिचं दुसरं टोक A. कर्कटकात 8 सेमी घेऊन C वर टोक ठेवा आणि कंस मारा. तो वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतो. दोन्ही बिंदू मोठ्या कंसावर आहेत, म्हणून दोन्हीकडे कोन A 30° च आहे. दोन त्रिकोण झाले, आणि दोघांचं परिवर्तुळ एकच.

आकड्यांत: sin B = 8/10 = 0.8. कॅल्क्युलेटर 53.13° सांगतो आणि गप्प बसतो. दुसरा कोन, 180° − 53.13° = 126.87°, तुम्हाला स्वतः आठवून काढावा लागतो. 30° मध्ये तो मिळवला तरी बेरीज 180° च्या आतच राहते, म्हणून तोही चालतो. पहिल्या त्रिकोणात C = 96.87° आणि c = 10 × sin 96.87° ≈ 9.93. दुसऱ्यात C = 23.13° आणि c ≈ 3.93. कागदावर मोजून पाहा, जुळेल.

b = 12 दिली असती तर? व्यास 10 आहे, त्यात 12 ची जीवा बसणार नाही. sin B = 1.2 येतो आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवतो; त्यामागचं कारण एवढंच. आणि b = 10 असती तर ती व्यास झाली असती, B काटकोन, त्रिकोण एकच. b जर a पेक्षा लहान असेल, समजा 4, तर कर्कटकाचा कंस एकदा मोठ्या कंसावर आणि एकदा छोट्या कंसावर छेदतो. छोट्या कंसावरच्या बिंदूपाशी कोन 150° होतो, म्हणून तो बाद, आणि एकच त्रिकोण उरतो.

तिन्ही बाजू दिलेल्या असताना मात्र वेगळी खबरदारी घ्या. sin⁻¹ ही कळ विशालकोन कधीच देत नाही. विशालकोन असलाच तर तो सर्वांत मोठ्या बाजूसमोर असतो, तेव्हा साइन नियमाने आधी दोन लहान बाजूंसमोरचे कोन काढा आणि मोठा कोन 180° मधून वजा करून घ्या. 13-14-15 मध्ये तिन्ही लघुकोन होते म्हणून हा प्रश्न आला नाही.

कोन न मोजता R: फुटक्या परातीचा तुकडा

आता हाताने करायचं एक काम. परातीचा, जात्याच्या तळीचा किंवा जुन्या चाकाचा गोल कडेचा तुकडा आहे, केंद्र त्यावर नाही, आणि मूळ वस्तू केवढी होती ते काढायचं आहे.

कोनमापकाने हे काम नीट होत नाही. तुकड्यावर काढलेला कोन बहुधा 150° च्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो, आणि तिथे sin झपाट्याने बदलतो. 150° ऐवजी 149° वाचलं तर R मध्ये साधारण 3 टक्के फरक पडतो. 170° ऐवजी 169° वाचलं तर 10 टक्क्यांच्या आसपास. उलट 80° पाशी एका अंशाने पाव-अर्धा टक्काच फरक पडतो, पण तुकड्यावर तेवढा लहान कोन मिळतच नाही.

म्हणून कोन सूत्रातून काढूनच टाकू. A पासून BC वर लंब h टाकला की sin B = h/c. हे b/sin B = 2R मध्ये घाला:

R = bc/2h

दोन बाजूंचा गुणाकार भागिले लंबाची दुप्पट. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त (628) हाच नियम दिला आहे आणि या त्रिज्येला त्याने हृदयरज्जु म्हटलं आहे. 13-14-15 वर लावून पाहा: 13 × 15/24 = 8.125. तेच उत्तर.

तुकड्याच्या कडेवर पेन्सिलीने तीन खुणा करा: दोन टोकांजवळ B आणि C, मध्ये कुठेतरी A. A बरोबर मधोमध हवा असं नाही. तुकडा कागदावर ठेवून तीन बिंदू उतरवून घ्या आणि तुकडा बाजूला करा, पुढचं सगळं कागदावर. AB आणि AC पट्टीने मोजा. BC जोडा आणि गुण्या लावून A पासून तिच्यावर लंब टाका.

समजा AB = 7 सेमी, AC = 9 सेमी, लंब 1.8 सेमी आला. R = 63/3.6 = 17.5. परात 35 सेमी व्यासाची होती. BC मोजली तर ती 15.58 च्या आसपास भरेल, आणि sin A = 15.58/35 = 0.445. sin⁻¹ ची कळ दाबली तर 26.4° येतं, पण आकृतीत कोन सरळ सरळ पसरलेला आहे: खरा कोन 153.6°. वर सांगितलेला धोका तो हाच.

यात कच्चा दुवा आहे तो लंबाचा. 1.8 ऐवजी 1.7 वाचलं तर R 18.5 होते, 1.9 वाचलं तर 16.6. मिलिमीटरभर चुकीने त्रिज्या सेंटिमीटरभर हलते, कारण हा तुकडा अख्ख्या कडेच्या जेमतेम सातव्या भागाएवढा आहे. तुकडा मोठा असेल तर बिंदू जितके लांब घेता येतील तितके घ्या. त्याच परातीच्या कडेचा तिसऱ्या भागाहून थोडा मोठा तुकडा असता आणि AB 18, AC 20 घेता आल्या असत्या तर लंब 10.3 च्या जवळपास आला असता, आणि तिथे मिलिमीटरच्या चुकीने R मध्ये दोन मिलिमीटरही फरक पडत नाही.

एकदा R मिळाली की A ची जागा बदलून पुन्हा काढा. दोन उत्तरांतला फरक वरच्यासारख्या मोजणीच्या चुकीत बसत असेल तर सरासरी घ्या. त्याहून जास्त असेल तर कड गोल नाही, ती ठोकताना किंवा पडून वाकलेली आहे. सूत्र हे स्वतःहून सांगणार नाही. एका रेषेत नसलेल्या कुठल्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातंच, त्यामुळे लंबगोल थाळीच्या तुकड्यालाही bc/2h एक त्रिज्या देऊन मोकळं होईल.